(1+x)^α ची सिरीज: त्रिज्या काढून झाल्यावर दोन टोकांचं काय करायचं

बीएस्सीच्या परीक्षा जवळ आल्या की सांगलीत आमच्या विश्रामबागच्या क्लासला तासगाव, पलूस, इस्लामपूर कुठनं कुठनं पोरं वही घेऊन येतात, आणि बायनॉमियल सिरीजच्या गणितात बहुतेकांचं एकाच जागी अडतं. रेशो टेस्ट झकास लावलेली असते, त्रिज्या 1 बरोबर आलेली असते, आणि मग शेवटच्या ओळीत कुणी -1 < x < 1 लिहून मोकळा होतो तर कुणी दोन्हीकडं बरोबरचं चिन्ह ठोकून देतो. टोकांचे मार्क गेले की मग "सर, काय चुकलं?"

चुकलं एवढंच की टोकांवरचं उत्तर α वर अवलंबून आहे आणि ते दोन्ही टोकांना वेगळं येऊ शकतं. त्यासाठी पाच-सहा टेस्ट पाठ करायची गरज नाही, एकच गुणाकार नीट समजला की दोन्ही टोकं सुटतात. खाली सगळं क्रमानं लिहितोय, क्रम मोडू नका, कारण अर्ध्या चुका क्रम मोडल्यानंच होतात. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी α = -1/2 धरलंय, म्हणजे 1/√(1+x), कारण ह्याच्यात एक टोक जगतं आणि एक मरतं.

## टप्पा १: आधी α कडं बघा

सगळ्यात पहिलं काम: α हा 0, 1, 2, 3 असा पूर्णांक आहे का ते बघायचं. असेल तर ही सिरीज नाहीच, साधी बहुपदी आहे, (1+x)^3 सारखी, चार टर्मनंतर सगळे कोएफिशियंट शून्य. तिथं त्रिज्या अनंत, टोकं नाहीत, विषय संपला.

सावध: इथं "पूर्णांक" एवढंच बघून पुढं जाऊ नका. α = -1 किंवा -2 हेही पूर्णांकच आहेत पण तिथं सिरीज कधीच थांबत नाही. आणि α = 5/2 पॉझिटिव्ह आहे म्हणून थांबेल असंही नाही. थांबते ती फक्त शून्य आणि पॉझिटिव्ह पूर्णांकालाच. पुढं जे काही लिहिलंय ते ह्या सोडून बाकीच्या α साठी.

## टप्पा २: कंसात पहिला आकडा 1 करा

पेपरात कधीच सरळ (1+x) येत नाही. येतं ते (4-3x)^(-1/2) असलं काहीतरी. पोरं सरळ सूत्रात 4 आणि -3x घुसडतात आणि पुढं सगळा चिखल होतो. आधी 4 बाहेर काढा, आणि बाहेर काढताना त्याच्यावर तोच घात लावा:

```
(4-3x)^(-1/2) = 4^(-1/2) · (1 - 3x/4)^(-1/2)
              = (1/2) · (1+u)^(-1/2),   u = -3x/4
```

4 बाहेर आला की तो 4 नाही राहत, 1/2 होतो. ही चूक लय कॉमन आहे. दुसरी कॉमन चूक म्हणजे u मधलं मायनस विसरणं. आत्ता विसरलात तर त्रिज्या बरोबर येईल, कारण तिथं मॉड असतो, पण टोकं उलटी-पालटी होतील आणि तुम्हाला कळणारही नाही. म्हणून u = -3x/4 हे वेगळ्या ओळीत लिहून त्याच्याभोवती चौकोन करा. आता पुढचे सगळे टप्पे u मध्ये करायचे, x कडं परत यायचं ते एकदम टप्पा ७ ला.

तपासा: x = 0 टाकून बघा. डावीकडं 4^(-1/2) = 1/2, उजवीकडं पण 1/2. जुळलं तर पुढं.

## टप्पा ३: कोएफिशियंट एकामागनं एक काढा

सिरीज अशी लिहायची: 1 + c₁u + c₂u² + c₃u³ + ... आणि कोएफिशियंट काढायला प्रत्येक वेळी मोठ्ठं सूत्र मांडत बसू नका, मागच्यावरनं पुढचा काढा:

```
c₀ = 1
c_(n+1) = c_n · (α - n)/(n + 1)
```

α = -1/2 ला ह्यातनं येतं 1, -1/2, 3/8, -5/16, 35/128, -63/256, 231/1024. करून बघा: 3/8 ला (-1/2 - 2)/3 म्हणजे -5/6 नं गुणलं की -5/16. बरोबर. पद्धत अशी वापरायचं कारण म्हणजे चिन्ह आपोआप बरोबर येतं आणि फॅक्टोरियल कापाकापीत हात चुकत नाही, शिवाय पुढच्या टप्प्याला हाच रेशो लागणार आहे, तो आयता मिळतो.

इथंच चिन्हांकडं एकदा नीट बघून घ्या. n हा α च्या पुढं गेला की (α - n) कायमचा मायनस होतो, म्हणजे तिथनं पुढं प्रत्येक टर्मला चिन्ह बदलतं. α = -1/2 ला हे पहिल्यापासनंच होतं. पण α = 5/2 घेतला तर कोएफिशियंट येतात 1, 5/2, 15/8, 5/16, -5/128, 3/256... म्हणजे पहिले चार प्लस आणि मग प्लस-मायनसचा खेळ सुरू. म्हणून "सिरीज अल्टरनेटिंग आहे" असं सरसकट लिहायचं नाही, "n > α पासून पुढं अल्टरनेटिंग आहे" असं लिहायचं. सुरवातीच्या मोजक्या टर्मनी कन्व्हर्जन्सवर काही फरक पडत नाही, पण वाक्य चुकीचं लिहिलं की तपासणारा मार्क कापतो आणि बरोबरच करतो.

## टप्पा ४: त्रिज्या

हा भाग बहुतेकांना येतो, म्हणून पटकन:

```
|c_(n+1) u^(n+1)| / |c_n u^n| = |α - n|/(n + 1) · |u|  →  |u|
```

|u| < 1 ला ॲब्सोल्यूटली कन्व्हर्ज, |u| > 1 ला डायव्हर्ज, त्रिज्या 1. α काहीही असला तरी, टप्पा १ मधला अपवाद सोडून.

सावध: |u| = 1 ला लिमिट 1 येतं आणि रेशो टेस्ट हात वर करते. "लिमिट 1 आलं म्हणजे कन्व्हर्ज" नाही, "लिमिट 1 आलं म्हणजे डायव्हर्ज" पण नाही. रूट टेस्ट लावून पण काही होणार नाही, तिथंही 1 च येतो. इथं पेन खाली ठेवा, नवीन ओळ सुरू करा आणि दोन्ही टोकं वेगवेगळी हाताळा.

## टप्पा ५: तो एकच गुणाकार

टोकांना हात घालायच्या आधी एक हत्यार तयार करून घ्यायचं. हा गुणाकार बघा:

```
P_N(β) = (1 - β/1)(1 - β/2)(1 - β/3) ... (1 - β/N)
```

N वाढत गेला की ह्याचं काय होतं? तीनच शक्यता.

β > 0 असेल तर गुणाकार शून्याकडं जातो. कारण असं: k हा β पेक्षा मोठा झाला की प्रत्येक फॅक्टर 0 आणि 1 च्या मधला, आणि 1 - t ≤ e^(-t) हे वापरलं तर त्या फॅक्टरांचा गुणाकार e^(-β·(1/k ची बेरीज)) पेक्षा मोठा होऊ शकत नाही. 1/k ची बेरीज अनंताला जाते, म्हणून हा शून्याला. सुरवातीचे काही फॅक्टर मायनस किंवा मोठे असले तरी ते मोजकेच असतात, त्यांनी काही बिघडत नाही.

β = 0 असेल तर सगळे फॅक्टर 1, गुणाकार 1.

β < 0 असेल तर प्रत्येक फॅक्टर 1 + |β|/k, आणि कंस फोडले की गुणाकार निदान 1 + |β|·(1/k ची बेरीज) एवढा तरी असतोच, म्हणजे अनंताला.

सावध: "प्रत्येक फॅक्टर 1 पेक्षा लहान आहे म्हणून गुणाकार शून्याला जातो" असं लिहू नका, हे खोटं आहे. (1 - 1/4)(1 - 1/9)(1 - 1/16)... ह्याच्यात पण प्रत्येक फॅक्टर 1 पेक्षा लहान आहे, पण गुणाकार 1/2 ला जाऊन थांबतो. आपला शून्याला जातो तो 1/k ची बेरीज अनंत आहे म्हणून, आणि हे कारण उत्तरात दिसायला पाहिजे.

## टप्पा ६: आता दोन्ही टोकं, u = -1 आधी

बरेच जण u = 1 आधी घेतात. मी u = -1 आधी घ्यायला सांगतो, कारण तिथला निकाल u = 1 ला वापरता येतो, उलटं होत नाही.

u = -1. इथं (-1)^n आणि कोएफिशियंटचं अल्टरनेटिंग चिन्ह एकमेकाला कापतात, आणि n > α पासून सगळ्या टर्म एकाच चिन्हाच्या होतात. म्हणजे इथं लायब्निझ टेस्टचं नावसुद्धा काढायचं नाही. पुस्तकांत इथं राबे टेस्ट लावतात, ती चालते, पण त्याहून सोपा रस्ता असा की पार्शल सम चक्क काढताच येते. पास्कलच्या त्रिकोणातला जो नियम आहे, तो α रिअल असला तरी चालतो. α-1 ह्या घातासाठीच्या कोएफिशियंटला b_n म्हटलं तर

```
c_n = b_n + b_(n-1)
(-1)^n c_n = (-1)^n b_n - (-1)^(n-1) b_(n-1)
```

दुसऱ्या ओळीकडं बघा, पुढचं वजा मागचं असा आकार आहे, म्हणजे बेरीज करताना मधलं सगळं कटतं आणि उरतं ते शेवटचं:

```
S_N = (-1)^N b_N = (1 - α/1)(1 - α/2) ... (1 - α/N) = P_N(α)
```

आपलाच गुणाकार, β = α घालून. आता टप्पा ५ मधनं उत्तर उचला: α > 0 असेल तर पार्शल सम शून्याला जाते, म्हणजे सिरीज कन्व्हर्ज होते आणि बेरीज 0 आहे, तेही फुकटात कळलं. α < 0 असेल तर पार्शल सम अनंताला, डायव्हर्ज. आणि α > 0 ला टर्म शेवटी-शेवटी एकाच चिन्हाच्या असल्यामुळं हे कन्व्हर्जन्स ॲब्सोल्यूट आहे. ही ओळ लिहायला विसरू नका, u = 1 ला लागणार आहे.

α = -1/2 ला हातानं पडताळून घ्या. u = -1 ला सिरीज 1 + 1/2 + 3/8 + 5/16 + ... आणि पार्शल सम 1, 3/2, 15/8, 35/16. गुणाकार: (1 + 1/2) = 3/2, त्याला (1 + 1/4) नं गुणलं की 15/8, त्याला (1 + 1/6) नं गुणलं की 35/16. एकूण एक जुळतंय. वाढ मात्र लय संथ आहे, n = 100 पर्यंतच्या टर्म घेतल्या तरी बेरीज 11.3 च्या आसपासच असते, आणि म्हणूनच कॅल्क्युलेटरवर थोड्या टर्म मिळवून "थांबतीय वाटतं" असा निष्कर्ष काढणारे फसतात.

ह्या एका α साठी पेपरात अजून छोटा पुरावा पाहिजे असेल तर तोही घ्या. n वी टर्म आहे 1·3·5···(2n-1) भागिले 2·4·6···(2n). वरचे आकडे एक घर सरकवून लावले तर ती (3/2)(5/4)···((2n-1)/(2n-2)) · 1/(2n) अशी दिसते, आणि शेवटचा सोडून सगळे फॅक्टर 1 पेक्षा मोठे. म्हणजे प्रत्येक टर्म निदान 1/(2n) आहे, आणि 1/(2n) ची बेरीज डायव्हर्ज होते. दोन ओळींत काम.

तपासा: α < 0 असेल तर u = -1 ला (1+u)^α हे फंक्शनच अनंताला जातं, मग सिरीज तिथं नीट बेरीज देणं शक्यच नाही. उत्तर ह्याच्या विरुद्ध आलं असेल तर कुठंतरी चिन्ह हुकलंय.

u = 1. इथं n > α पासून चिन्ह आलटून-पालटून येतं, म्हणून टर्मचा आकार काय होतो ते बघायचं. टप्पा ३ मधल्या रेशोवरनं

```
|c_(n+1)| / |c_n| = |n - α|/(n + 1) = |1 - (α+1)/(n+1)|
```

म्हणजे |c_n| हा |P_n(α+1)| आहे. परत तोच गुणाकार, फक्त ह्या वेळी β = α + 1. दोन टोकांच्या उत्तरात फरक पडतो तो ह्या एका 1 मुळं.

α > -1 असेल तर β > 0, म्हणून |c_n| शून्याला जातो, आणि n > α पासून रेशो 1 पेक्षा लहान असल्यामुळं तो सतत कमीही होत जातो. लायब्निझ टेस्टच्या दोन्ही अटी पूर्ण, कन्व्हर्ज. α ≤ -1 असेल तर प्रत्येक फॅक्टर 1 किंवा त्याहून मोठा, म्हणजे |c_n| कधी 1 च्या खाली जातच नाही, टर्म शून्याला जात नाहीत, डायव्हर्ज. α = -1 ला 1 - 1 + 1 - 1 + ... ही ओळखीची सिरीज येते.

सावध: लायब्निझला दोन अटी आहेत. "कमी होत जातात" हे दाखवून निम्मी पोरं थांबतात. कमी होत-होत शून्याच्या वरच कुठंतरी अडकले तर? म्हणून शून्याला जातात हे वेगळं दाखवायचं. α = -1/2 साठी त्याचीही छोटी युक्ती आहे: n व्या टर्मचा वर्ग केला की (1·3/2²)(3·5/4²)···((2n-1)(2n+1)/(2n)²) · 1/(2n+1) असं लावता येतं, प्रत्येक कंस 1 पेक्षा लहान, म्हणून टर्म 1/√(2n+1) पेक्षा लहान, म्हणजे शून्याला गेलीच.

राहिला प्रश्न ॲब्सोल्यूट का कंडिशनल. u = 1 ला मॉड घेतला की n > α पासून तीच सिरीज मिळते जी u = -1 ला मॉड घेऊन मिळते. म्हणून तिकडचा निकाल इकडं उचलायचा: α > 0 ला ॲब्सोल्यूट, आणि -1 < α < 0 ला मॉडची सिरीज डायव्हर्ज होते म्हणून फक्त कंडिशनल. सगळं मिळून:

```
α > 0        : u = 1 आणि u = -1 दोन्हीकडं ॲब्सोल्यूट
-1 < α < 0   : u = 1 ला कंडिशनल, u = -1 ला डायव्हर्ज
α ≤ -1       : दोन्हीकडं डायव्हर्ज
```

हे पाठ करायला हरकत नाही, पण पेपरात नुसतं हे लिहून चालत नाही, वरचा गुणाकार दाखवावा लागतो.

इथं एक प्रश्न हमखास येतो, आणि चांगला प्रश्न आहे: "सर, 1/(1+x)² हे x = 1 ला व्यवस्थित 1/4 आहे की, मग सिरीज का बिघडते?" बिघडते कारण कोएफिशियंट किती मोठे असणार हे x = 1 ठरवत नाही, ते x = -1 ठरवतं, फंक्शन तिथं फाटतं. तिथं जितकं जोरात फाटेल तितके कोएफिशियंट मोठे, आणि x = 1 ला तेच कोएफिशियंट वापरायला लागतात, फक्त चिन्हं बदलून. गावात एका टोकाला पाइपलाइन फुटली की दुसऱ्या टोकाच्या नळालाही पाणी येत नाही, तशातला प्रकार. फुटणं किरकोळ असेल, म्हणजे α हा -1 च्या वर असेल, तर चिन्हांच्या कापाकापीवर x = 1 निभावून नेतं, त्याच्या खाली नाही. तेव्हा "फंक्शन चांगलं आहे म्हणून सिरीज कन्व्हर्ज होते" हे कारण म्हणून कधीच लिहू नका. उलटं मात्र चालतं: फंक्शन अनंताला जातं तिथं सिरीज कन्व्हर्ज होऊ शकत नाही.

आणि α = 5/2 सारख्या ठिकाणी फंक्शन x = -1 ला फुटत कुठंय, ते तर 0 आहे? फंक्शन फुटत नाही, पण तिसरा डेरिव्हेटिव्ह फुटतो. म्हणून त्रिज्या तिथंही 1 च राहते, फक्त टोकं दोन्ही शाबूत राहतात.

## टप्पा ७: u मधनं x मध्ये परत या

आता (4-3x)^(-1/2) पूर्ण करू. α = -1/2, u = -3x/4. |u| < 1 म्हणजे |x| < 4/3, म्हणून x मधली त्रिज्या 4/3. टोकं:

x = 4/3 टाकलं की u = -1. डायव्हर्ज.
x = -4/3 टाकलं की u = 1. कंडिशनली कन्व्हर्ज.

म्हणजे उत्तर -4/3 ≤ x < 4/3. बघा, u ला प्लस टोक चाललं आणि x ला मायनस टोक चाललं, त्या चौकोनातल्या मायनसमुळं. जे लोक "α = -1/2 ला उजवं टोक चालतं" असं पाठ करून येतात ते इथं उलटं लिहून जातात. टोक कधीही उजवं-डावं म्हणून लक्षात ठेवायचं नाही, x ची किंमत टाकून u काय येतो ते बघायचं.

तपासा: 4 - 3x ज्या x ला शून्य होतं, तिथं घात मायनस असेल तर ते टोक उत्तरात असताच कामा नये. इथं ते x = 4/3, आणि आपल्या उत्तरात ते नाही. बरोबर.

सिरीज लिहायची तर (1/2)(1 + 3x/8 + 27x²/128 + 135x³/1024 + ...). u चा वर्ग करताना 3/4 चाही वर्ग होतो, हे सांगायला लागू नये पण सांगावं लागतं.

u मध्ये x² असेल तर अजून एक गंमत होते. 1/√(1-x²) घेतलं तर u = -x², आणि x = 1 असो की x = -1, u दोन्ही वेळा -1 च येतो, म्हणून दोन्ही टोकं डायव्हर्ज. 1/√(1+x²) ला दोन्ही टोकांना u = 1, म्हणून दोन्ही कन्व्हर्ज. α तोच, उत्तरं मात्र एकदम वेगळी.

## टप्पा ८: बेरीज खरंच (1+u)^α आहे का?

"टेलर सिरीज आहे आणि कन्व्हर्ज होते, म्हणून बेरीज फंक्शनएवढीच" हे वाक्य चालत नाही, कारण कन्व्हर्ज होऊन भलत्याच ठिकाणी जाणाऱ्या टेलर सिरीज असतात. |u| < 1 मध्ये पुरावा असा: सिरीजच्या बेरजेला f(u) म्हणा. टप्पा ३ चा नियम (n+1)c_(n+1) + n·c_n = α·c_n असा लिहिला की त्याचा अर्थ (1+u) f'(u) = α f(u). मग f(u)·(1+u)^(-α) चा डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणजे तो कॉन्स्टंट, आणि u = 0 ला तो 1. झालं.

टोकांना हा पुरावा पोचत नाही. तिथं आबेलचं थिअरम: टोकाला सिरीज कन्व्हर्ज होत असेल तर बेरीज म्हणजे आतनं टोकाकडं जाताना येणारं फंक्शनचं लिमिट. म्हणून u = 1 ला α > -1 असताना बेरीज 2^α, आणि u = -1 ला α > 0 असताना 0, जे आपण टप्पा ६ ला थेटच काढलं होतं. क्रम मात्र असाच: आधी कन्व्हर्जन्स सिद्ध, मग आबेल. लिमिट येतंय म्हणून सिरीज कन्व्हर्ज आहे असं आबेल म्हणत नाही, 1 - 1 + 1 - 1 + ... ला आतनं लिमिट 1/2 येतं पण सिरीज कन्व्हर्ज होत नाही.

## टप्पा ९: आकडा काढायचा असेल तर टोकावर जाऊ नका

कन्व्हर्ज होतं म्हणजे वापरायला सोयीचं असतं असं नाही. α = -1/2, u = 1 ला बेरीज 1/√2 म्हणजे 0.70711 यायला पाहिजे. पार्शल सम अशा येतात: 1, 0.5, 0.875, 0.5625, 0.8359, 0.5898, 0.8154. उड्याच मारतायत. n वी टर्म साधारण 1/√(πn) एवढी असते, म्हणजे टर्म 0.01 च्या खाली यायलाच तीन हजारांवर टर्म लागतात. लागोपाठच्या दोन बेरजांची सरासरी घेतली तर जरा बरं, शेवटच्या दोनांची 0.7026 येते, पण तो जुगाड झाला.

नीट पद्धत म्हणजे u लहान पडेल असं आधीच मांडायचं. √2 काढायचा असेल तर (1+1)^(1/2) नका करू. 7/5 चा वर्ग 49/25, म्हणजे 2 च्या अगदी जवळ, म्हणून

```
√2 = (7/5) · (1 + 1/49)^(1/2)
   = 1.4 · (1 + 1/98 - 1/(8·49²) + 1/(16·49³) - ...)
```

पहिल्या तीन टर्म घेतल्या तर 1.4142128 आणि चार घेतल्या तर 1.41421357. खरी किंमत 1.41421356. चार टर्ममध्ये आठवा दशांश सोडून सगळे आले, आणि इथं दुसऱ्या टर्मपासून चिन्ह बदलतं व टर्म कमी होत जातात, म्हणून राहिलेली चूक पुढच्या टर्मपेक्षा जास्त असू शकत नाही. पुढची टर्म 1.4·5/(128·49⁴), म्हणजे 0.00000001 पेक्षाही कमी, तेव्हा किती टर्म घ्यायच्या हे बेरीज करायच्या आधीच ठरवता येतं.